कवच फुटल्यावर कॅसलिंग करायचे की राजा मध्येच ठेवायचा?

"लवकर कॅसलिंग करा" हा सल्ला राजापुढची प्यादी जागेवर असतील तोवरच ठीक आहे. ती विस्कटल्यावरही जे सवयीने कॅसलिंग करतात, ते बहुतेकदा राजाला नेमके हल्ल्याच्या तोंडी नेऊन ठेवतात.

h पट्टीवरच्या प्याद्याने मारले असेल, म्हणजे काळ्याने hxg6 केले असेल, तर फारसे बिघडत नाही. समोरच्याचे h प्यादे जागेवर असेल तर खुशाल कॅसलिंग करा. खरी पंचाईत gxf6 नंतर होते.

कारो-कानमधली ही स्थिती पटावर मांडून बघा:

```
1.e4 c6 2.d4 d5 3.Nc3 dxe4
4.Nxe4 Nf6 5.Nxf6+
```

इथे 5...exf6 केले तर f7, g7, h7 ही तिन्ही प्यादी शाबूत राहतात आणि राजाच्या बाजूला निर्धास्त कॅसलिंग करता येते. 5...gxf6 हा ब्रॉन्स्टीन-लार्सन प्रकार. यात प्रश्न उभा राहतो.

आधी मोकळी झालेली पट्टी कोणाच्या कामाची आहे ते बघा. g पट्टीवर तुमचे प्यादे नाही, पण पांढऱ्याचे g2 वर आहेच. म्हणजे त्या पट्टीचा फायदा तुमच्या हत्तीला. राजा g8 वर नेलात तर हत्तीची ती जागा राजानेच अडवली. शिवाय f6 वरचा घोडा गेल्यामुळे h7 राखायला राजाशिवाय कोणी उरत नाही. पांढरा उंट d3 वर, वजीर h5 वर आणि हत्ती e1, e3, h3 असा आणतो. g2 प्यादे त्याच्या आड येतच नाही, कारण हत्ती त्याच्या पुढून, तिसऱ्या रांगेतून येतो. "g पट्टी त्याच्यासाठी बंद आहे, मग भीती कसली" असे सांगणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग: राजा मध्ये किती चाली सुरक्षित आहे? "मध्यभाग बंद वाटतोय" हे उत्तर नव्हे. चाली मोजायच्या. वर दिलेल्या स्थितीत मध्यभाग फोडायचा पांढऱ्याचा मुख्य मार्ग d5 हा. तो जोरात करायचा तर त्याला Nf3, Be2, O-O, Re1, c4 आणि मग d5, म्हणजे सहा चाली लागतात. तुम्हाला Bf5, Qc7, Nd7, O-O-O या चार पुरतात. वेळ आहे, म्हणून वजिराच्या बाजूला जा. तिथे d8 चा हत्ती d4 वर नजर ठेवतो आणि दुसरा g8 वर येऊन g2 वर दाब देतो. राजाच्या बाजूला Bf5, e6, Bd6, O-O यालाही चारच चाली लागतात, त्यामुळे "तेवढा वेळ नव्हता" ही सबब चालत नाही.

मोजताना एक चूक हमखास होते. d5 वर तुमचे c6 आणि e6 दोन्ही रोखलेले असतात, म्हणून पांढऱ्याला तिथे प्यादे गमवावे लागेल असा हिशेब करून लोक निवांत बसतात. पण पांढऱ्याचा हत्ती e1 वर आणि तुमचा राजा e8 वर असेल, तर एक प्यादे देऊन e पट्टी उघडणे त्याला अगदी स्वस्तात पडते. माझा नियम कडक आहे: समोरचा हत्ती e1 वर आला की d5 "फुकटचे प्यादे" धरायचे नाही. पुढच्या चालीत ते येणारच असे समजून राजा हलवायचा.

वजिराच्या बाजूलाही धोका आहेच. पांढरा b4-b5 ढकलून c6 वर धडकतो. मात्र त्याला तीन-चार चाली लागतात आणि तोवर तुमचा हत्ती g8 वर पोहोचलेला असतो.

राजा खरोखर मध्येच ठेवायचा तो d6, e6, f6 अशी प्यादी एकमेकांना धरून असतील तेव्हा. सिसिलियनच्या रिश्टर-राउझरमध्ये Bxf6 gxf6 नंतर असे घडते आणि राजा e8 वर बराच काळ तग धरतो. तिथे d5 ची नव्हे, f4-f5 ची वाट बघायची. पांढरा e6 वर दाब आणतो. ते प्यादे पडले किंवा e5 ला ढकलावे लागले, तर d5 चे घर कायमचे त्याच्या घोड्याचे. म्हणून f5 आले की e6 ला आधार कोण देणार हे आधी ठरवा. तो आधार सापडत नसेल, तर राजा तिथे ठेवू नका.

शेवटी क्रमाचे बघा. बाजू ठरण्याआधी घाईने Rg8 खेळू नका. त्याने राजाच्या बाजूचे कॅसलिंग कायमचे जाते. वजिराच्या बाजूचे शिल्लक राहते खरे, पण तुमचा बेत समोरच्याला कळतो आणि तो b4 ची तयारी एक चाल आधीच सुरू करतो.