नाव गिरणीचे, उत्पन्न इमारतींचे: कंपनीचा खरा व्यवसाय कसा ओळखावा

कर्ज मूल्यमापनाच्या कामाला नव्याने लागलेल्यांच्या हाती पहिल्याच आठवड्यात एक तक्ता येतो. त्यात कंपनीचे नाव, तिचा उद्योग आणि त्याच उद्योगातल्या चार-पाच कंपन्यांची सरासरी गुणोत्तरे असतात. यातला 'उद्योग' हा रकाना बहुतेक वेळा कोणी कंपनी वाचून भरलेला नसतो. तो नोंदणी क्रमांकावरून किंवा विकत घेतलेल्या माहितीसंचातून तसाच उतरलेला असतो. मुंबईतल्या जुन्या कापडगिरण्यांच्या बाबतीत हा रकाना जितकी दिशाभूल करतो तितकी क्वचितच दुसरीकडे होत असेल. माझ्या कामात अशा कंपन्यांच्या फायली सतत येत असल्यामुळे त्या कशा वाचाव्यात, हे नवीन सहकाऱ्यांसाठी सविस्तर लिहीत आहे.

आधी हे लेबल येते कुठून ते पाहू. भारतातल्या प्रत्येक कंपनीला २१ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. पेनिन्सुला लँड या कंपनीच्या अहवालांवर तो L17120MH1871PLC000005 असा छापलेला दिसतो. पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध असल्याचे सांगते, त्यानंतरचे पाच अंक उद्योगाचे, मग राज्य, स्थापनेचे वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी नोंदणी क्रमांक. पेनिन्सुला लँड ही बांधकाम व्यवसायातली कंपनी आहे हे तिच्या नावातच आहे, पण 17120 हा आकडा वस्त्रोद्योगाचा आहे, कारण हीच कंपनी पूर्वी मोरारजी गोकुळदास स्पिनिंग अँड वीव्हिंग या नावाची गिरणी होती. फिनिक्स मिल्सचे उदाहरण याच्या उलट आहे. १९०५ साली स्थापन झालेल्या या कंपनीने 'मिल्स' हे नावही ठेवले आणि तिच्या क्रमांकात वस्त्रोद्योगाचा आकडाही कितीतरी वर्षे राहिला, पण तिचे उत्पन्न मुख्यतः लोअर परळ, कुर्ला, पुणे, बेंगळुरू आणि चेन्नई इथल्या मॉलच्या भाड्यातून येते.

या पाच अंकांबाबत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणाच्या २००४ च्या आवृत्तीत १७ हा विभाग कापडाचा आहे, तर २००८ च्या आवृत्तीत कापड १३ वर गेले आणि १७ हा कागदउद्योगाचा विभाग झाला. जुना आकडा नव्या यादीत शोधला, तर गिरणी थेट कागद कारखान्याच्या रांगेत जाऊन बसते. म्हणून अंक वाचण्याआधी तो कोणत्या आवृत्तीतला आहे ते ठरवावे.

गिरणी बंद झाली तर नवी बांधकाम कंपनी का काढत नाहीत, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच, आणि तो रास्त आहे. याचे उत्तर जमिनीत आहे. जमीन गिरणी कंपनीच्या नावावर असते. ती दुसऱ्या कंपनीच्या नावे करायची म्हटले की मुद्रांक शुल्क आणि कर यांचा प्रश्न उभा राहतो. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्यांची घडी पुन्हा बसली नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट खुली केली, पण जमिनीचा मोठा वाटा महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी आणि म्हाडाच्या घरांसाठी द्यायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने हा हिस्सा फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्यानंतर त्याच जुन्या कंपन्या, त्याच नोंदणी क्रमांकानिशी, टॉवर आणि मॉल उभारू लागल्या. गिरणगावातल्या कामगारांच्या वाट्याला यातून फार कमी आले, याचे वाईट आजही वाटते. पण फाइल वाचताना हा इतिहास माहीत असला, तर ताळेबंदातल्या बऱ्याच नोंदींचा अर्थ लागतो.

आता लेबल चुकीचे असल्याने नेमके काय बिघडते ते एका उदाहरणातून सांगते. कंपनीचे नाव देत नाही आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ढोबळ करून घेतले आहेत. कंपनीच्या नावात 'मिल्स' आहे. कापडाचा विभाग मुंबईबाहेर हलवलेला आहे आणि मूळ जागेवर दोन टॉवरचे काम चालू आहे. पहिल्या वर्षी उत्पन्न ४२० कोटी रुपये, त्यातले ३९० कोटी कापडाचे आणि ३० कोटी मालमत्तेचे. एकूण साठा १,०२० कोटी. तक्त्यातले सूत्र हा साठा उत्पन्नाशी ताडून पाहते आणि ८८६ दिवसांचा साठा पडून आहे असे सांगते. वस्त्रोद्योगाच्या सरासरीशेजारी हा आकडा ठेवला, तर कंपनीच्या गोदामात न विकलेल्या कापडाचे डोंगर साचले आहेत असेच कोणालाही वाटेल.

साठ्याची टीप उघडली की चित्र पालटते. १,०२० कोटींपैकी सूत, कापड आणि कच्चा माल मिळून फक्त ८० कोटी आहेत. उरलेले ९४० कोटी म्हणजे चालू बांधकाम. ८० कोटींचा साठा ३९० कोटींच्या कापडविक्रीशी ताडला तर सुमारे ७५ दिवस येतात, आणि त्यात काळजी करण्यासारखे फारसे काही नाही. दायित्वांच्या बाजूला ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम ५४० कोटी दिसते. कापड विकणाऱ्याने इतकी उचल घेतली असती तर ती धोक्याची खूण ठरली असती. इथे मात्र ते सदनिका नोंदवणाऱ्यांचे पैसे आहेत आणि ताबा देताच ते उत्पन्नात जातील. याच कारणाने बँकेतली शिल्लकही जपून वाचावी लागते. रेरा कायद्यानुसार सदनिकाधारकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठीच वापरता येते. त्यामुळे तो पैसा कापड विभागाच्या कर्जाचा हप्ता भरायला मोकळा आहे असे धरता येत नाही.

इथपर्यंत आलेला हुशार विद्यार्थी म्हणतो, मग विभागवार उत्पन्न पाहू आणि ज्याचा वाटा मोठा तोच उद्योग लिहू. सूचीबद्ध कंपन्यांना तिमाही निकालासोबत विभागवार माहिती द्यावी लागते, त्यामुळे हे आकडे सहज मिळतात. पण वरच्याच कंपनीची पुढची दोन वर्षे पाहा. दुसऱ्या वर्षी एका टॉवरला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आणि मालमत्तेचे उत्पन्न ८६० कोटी झाले, कापडाचे ३८० कोटी. तिसऱ्या वर्षी मालमत्ता ६० कोटी, कापड ४०० कोटी. उत्पन्नाच्या वाट्यावरून लेबल लावले तर कंपनी पहिल्या वर्षी कापडाची, दुसऱ्या वर्षी बांधकामाची आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा कापडाची ठरते, जरी तिच्या कामात काहीच बदललेले नाही. कारण या कंपनीच्या विक्रीकरारांच्या अटींनुसार, लेखामानक ११५ प्रमाणे उत्पन्नाची नोंद बांधकाम पुढे सरकेल तशी न होता ताबा देण्याच्या टप्प्यावर एकदम होते. तीन-चार वर्षे खर्च साठ्यात साचत जातो आणि मग एका वर्षात सगळे उत्पन्न उसळून वर येते.

म्हणून माझा भर प्रत्येक विभागात गुंतलेल्या संपत्तीवर असतो. पहिल्याच वर्षी या कंपनीच्या कापड विभागात २३० कोटींची आणि मालमत्ता विभागात १,०५० कोटींची संपत्ती गुंतलेली होती. उत्पन्न कापडाकडे बोट दाखवत असताना पैसा मात्र कधीच इमारतींकडे गेला होता. त्या वर्षी सदनिकांची नोंदणी किती रकमेची झाली आणि प्रत्यक्ष वसुली किती झाली, हे दोन आकडे गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणातून घेऊन शेजारी मांडले की निष्कर्ष पक्का होतो. मॉल किंवा कार्यालये भाड्याने देणाऱ्या कंपनीत ही अडचण कमी येते, कारण भाडे दरमहा येते आणि उत्पन्नाचा वाटा बऱ्यापैकी खरे चित्र दाखवतो.

संपत्तीच्या आकड्यालाही मर्यादा आहेत. शंभर वर्षांपूर्वी घेतलेली जमीन मूळ किमतीने वह्यांत असेल, तर कोट्यवधींचा भूखंड जवळजवळ शून्यावर दिसतो. उलट नवी लेखामानके लागू करताना तिचे पुनर्मूल्यांकन केले असेल, तर गिरणी सुरू असतानाही मालमत्ता विभाग अवाढव्य दिसतो. स्थावर मालमत्तेची टीप वाचल्याशिवाय या दोन्हींतला फरक कळत नाही. त्याच टिपेत एक फार उपयोगी खूण सापडते. जमीन स्थिर मालमत्तेतून काढून विक्रीच्या साठ्यात वर्ग केल्याची नोंद दिसली, की कंपनीने बांधकाम व्यवसायात उतरायचे ठरवले आहे असे समजावे. ही नोंद उत्पन्न दिसण्याच्या कितीतरी आधी येते.

नुसती जमीन विकणे म्हणजे मात्र व्यवसाय बदलणे नव्हे. बॉम्बे डाइंगने २०२३ मध्ये वरळीची जमीन जपानच्या सुमितोमो समूहातील कंपनीला सुमारे ५,२०० कोटी रुपयांना विकण्याचा व्यवहार जाहीर केला. असा नफा एकदाच होतो. तो बाजूला ठेवून उरलेला व्यवसाय कोणता, हे पाहिल्याशिवाय लेबल लावू नये.

सेंच्युरी टेक्स्टाइल्सची फाइल मी नवीन मुलांना मुद्दाम वाचायला देते. १८९७ सालच्या या कंपनीचा सिमेंट व्यवसाय २०१९ मध्ये अल्ट्राटेककडे गेला, आणि २०२४ मध्ये तिचे नाव आदित्य बिर्ला रिअल इस्टेट असे झाले. नाव बदलण्याच्या आधीच्या वर्षांत मात्र तिचे सर्वांत मोठे उत्पन्न ना कापडातून होते ना घरांतून. ते कागद आणि लगद्यातून होते. शिवाय बांधकामाचे बरेचसे काम बिर्ला इस्टेट्स या उपकंपनीत असल्यामुळे एकट्या कंपनीचे आकडे पुरत नाहीत आणि एकत्रित ताळेबंदच घ्यावा लागतो. फिनिक्सचेही तसेच आहे, कारण तिचे बहुतेक मॉल उपकंपन्यांच्या नावावर आहेत.

बँकेत काम करणाऱ्यांसाठी शेवटचा टप्पा वेगळा असतो. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येनुसार कर्ज व्यापारी स्थावर मालमत्तेचे आहे की नाही, हे कर्जदाराच्या नावावरून ठरत नाही. परतफेड प्रामुख्याने त्या मालमत्तेच्या भाड्यातून किंवा विक्रीतून होणार आहे का, यावरून ठरते, आणि तसे असेल तर तरतूदही साध्या कर्जापेक्षा जास्त करावी लागते. म्हणजे एकाच कंपनीला सूत खरेदीसाठी दिलेली कॅश क्रेडिट मर्यादा वस्त्रोद्योगात राहू शकते आणि टॉवरसाठी दिलेले मुदत कर्ज स्थावर मालमत्तेत जाते. मी टिपणात प्रत्येक कर्जसुविधेसमोर परतफेडीचा स्रोत लिहिते, उद्योगाच्या रकान्यात दोन्ही विभाग त्यांच्या संपत्तीच्या आकड्यांसह नोंदवते आणि ते आकडे कोणत्या तारखेच्या ताळेबंदातले आहेत तेही देते. तुलनेसाठीही दोन स्वतंत्र रांगा घेते: कापड विभागासाठी सूत आणि कापडाच्या कंपन्या, मालमत्ता विभागासाठी मुंबईतले विकासक.