मोदकाच्या खोक्यावर बाप्पा नको

गणपतीच्या जाहिरातीचा मजकूर लिहून झाला की एकच पाहा: वाक्यात बोलतंय कोण? 'बाप्पा म्हणतात, २१ मोदकांवर १० टक्के सूट!' इथे आपण देवालाच गल्ल्यावर बसवलं. तीच सवलत दुकानाच्या तोंडी घाला: 'नैवेद्याचे २१ उकडीचे मोदक. आदल्या संध्याकाळपर्यंत नोंदवा, चतुर्थीला सकाळी ८ पासून ताजे मिळतील. १० टक्के सवलत.' पूजेच्या घाईत असलेल्या घराला नेमकी हीच माहिती हवी असते.

छपाईकडे जास्त लक्ष द्या. खोकं, पिशवी, पत्रक, कागदी रुमाल यांवर मूर्तीचं चित्र छापू नका. खोकं संध्याकाळी कचऱ्यात जातं, पत्रक पायाखाली येतं, आणि ते पाहून मन खरंच कळवळतं. तिथे दूर्वांची जुडी किंवा जास्वंदीचं फूल पुरतं. मूर्तीचं चित्र दुकानातल्या फलकावर ठेवा, तेही पूर्ण. किमतीची पट्टी चेहऱ्यावर किंवा पायांवर येऊ देऊ नका.

अनंत चतुर्दशीला 'निरोपाचा सेल' तर नकोच. त्या संध्याकाळी मखर रिकामं झालेलं असतं. 'पुढच्या वर्षी लवकर या' एवढंच लिहा, आणि खाली दुकानाचं नाव लहान अक्षरांत.