पॉलिसी नंबर नाही, तारीख नाही: अशा क्लेमच्या मेलला उत्तर कसं लिहायचं

मोटर क्लेम डेस्कवर नवीन लागलात की असा मेल येणारच: "माझ्या गाडीचा अॅक्सिडेंट झालाय, फोटो जोडलेत, लवकर क्लेम करा." बास, ना पॉलिसी नंबर, ना तारीख. बरेच जण लगेच "अपुरी माहिती, क्लेम प्रोसेस होऊ शकत नाही" असं उत्तर ठोकतात. कृपया तसं करू नका, समोरच्याला ते क्लेम नाकारल्यासारखंच वाटतं, आणि तो आधीच घाबरलेला असतो.

आधी फोटो नीट बघा. माझ्याकडे आलेल्या एका केसमध्ये बंपरच्या फोटोत नंबरप्लेट स्पष्ट दिसत होती, त्यावरून सिस्टीममध्ये शोधलं तर दोन पॉलिसी निघाल्या. जुनी १२ ऑगस्टच्या मध्यरात्री संपलेली, नवी १५ ऑगस्टपासून सुरू, मधले दोन दिवस कव्हरच नाही. म्हणजे पॉलिसी नंबर आपल्याला मिळू शकतो, पण तारीख फक्त तोच सांगू शकतो आणि सगळा क्लेम त्या तारखेवरच उभा आहे.

म्हणून तारीख मोकळी विचारायची. "१५ नंतर झालाय ना?" असं चुकूनही लिहू नका, त्यात उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालतो. शिवाय मेल रजिस्टर्ड आयडीवरून आला नसेल तर पॉलिसीचे तपशील आपणहून सांगायचेच नाहीत. मी असं लिहिलं:

"नमस्कार सर, तुमचा मेल आणि फोटो मिळाले. तुम्हाला काही दुखापत झालेली नाही अशी आशा आहे. पुढे जाण्यासाठी दोनच गोष्टी हव्यात. १) पॉलिसी नंबर, तो पॉलिसी शेड्यूलच्या पहिल्या पानावर असतो; हाताशी नसेल तर गाडीचा नंबर आणि रजिस्टर्ड मोबाईल नंबर कळवा. २) अपघाताची तारीख आणि अंदाजे वेळ. गाडी उभी असताना नुकसान झालं असेल तर शेवटची नीट कधी पाहिली आणि नुकसान कधी लक्षात आलं ते लिहा. सर्व्हे होईपर्यंत कृपया दुरुस्ती सुरू करू नका. याच मेलला रिप्लाय करा."

वेळ का विचारली, तर रात्री बाराच्या आसपासचे अपघात लोक हमखास आदल्या दिवशीचे म्हणून सांगतात. आणि आरसी, लायसन्स, एस्टिमेट यातलं काही या मेलमध्ये मागायचं नाही, नाहीतर माणूस सगळे कागद गोळा करत बसतो आणि उत्तर आठवड्याने येतं. "क्लेम नक्की मिळेल" असंही लिहू नका, ते सर्व्हे झाल्याशिवाय आपल्या हातात नसतं. उशिरा कळवलं म्हणून दटावायचंही नाही, नुसत्या उशिरावरून खरा क्लेम नाकारू नका असं विमा नियामक आयआरडीएआयने २०११ मध्येच परिपत्रक काढून सांगितलंय.

त्याचं उत्तर आलं, १६ तारीख, संध्याकाळी सातच्या सुमारास. म्हणजे नवी पॉलिसी लागू. पण मध्ये खंड पडल्यामुळे ती देण्याआधी गाडीचं इन्स्पेक्शन झालेलं होतं, मग त्या इन्स्पेक्शनचे फोटो शोधून बंपरशी ताडून पाहिले, तेव्हा तो अख्खा होता, आणि सर्व्हेअर नेमून टाकला.