शेअरचे अर्ज जास्त आले तर हिशेब कसा लिहावा? वाटपापासून थकीत कॉलपर्यंत

शिरोली एमआयडीसीत ओतकामाचा कारखाना काढणारी एक नवी पब्लिक कंपनी धरू. उदाहरण काल्पनिक, पण हिशेब खऱ्या वहीत बसेल असा. कंपनीने 10 रुपयांचे 50,000 शेअर काढले. अर्जासोबत 3, वाटपाच्या वेळी 3, पहिल्या कॉलला 2 आणि शेवटच्या कॉलला 2 रुपये घ्यायचे ठरले. कॉल म्हणजे शेअरची उरलेली रक्कम भरण्यासाठी कंपनीने भागधारकाकडे केलेली मागणी. अर्जाबरोबर किमान 25 टक्के रक्कम घ्यावी असा सेबीचा नियम आहे. इथे 30 टक्के घेतले आहेत. (हल्ली बहुतेक आयपीओत पूर्ण किंमत अर्जदाराच्या बँक खात्यात अडकवून ठेवतात आणि जास्तीची रक्कम तिथेच मोकळी होते. टप्प्याटप्प्याने रक्कम मागवली, की मात्र पुढचा हिशेब करावाच लागतो.)

पहिली पायरी अर्जांची. 80,000 शेअरसाठी अर्ज आले, म्हणजे 2,40,000 रुपये जमा झाले. बँक खाते नावे, शेअर अर्ज खाते जमा. ही रक्कम स्वतंत्र बँक खात्यात राहते आणि वाटप होईपर्यंत कंपनीला ती वापरता येत नाही. भट्टीची ऑर्डर कितीही तातडीची असली तरी या पैशाला हात लावायचा नाही.

दुसरी पायरी वाटपाची. खरी मेख इथेच आहे. संचालक मंडळाने 5,000 शेअरचे अर्ज नाकारले आणि त्यांचे 15,000 रुपये परत केले. उरलेल्या 75,000 शेअरच्या अर्जदारांना प्रमाणात 50,000 शेअर दिले, म्हणजे तीन मागितले त्याला दोन मिळाले. मिळालेल्या शेअरचे 1,50,000 रुपये भागभांडवलात गेले. न मिळालेल्या 25,000 शेअरचे 75,000 रुपये परत न करता वाटपाच्या रकमेत वळते केले. आता शेअर अर्ज खाते तपासा: 15,000, 1,50,000 आणि 75,000 मिळून बरोबर 2,40,000. खाते शून्यावर आले नाही, तर कुणाचा तरी परतावा चुकला आहे. पुढे जाण्याआधी तो शोधा. वाटपाचे विवरणपत्र PAS-3 तीस दिवसांत कंपनी निबंधकांकडे भरायचे असते.

वाटपाचे येणे 50,000 गुणिले 3, म्हणजे 1,50,000. त्यातले 75,000 आधीच आपल्याकडे आहेत. म्हणून भागधारकांकडून मागायचे ते फक्त 75,000.

आता एका भागधारकाने वाटपाची रक्कम भरली नाही असे समजू. त्याच्याकडे 600 शेअर आहेत. बरेच जण 600 गुणिले 3 करून 1,800 रुपये थकबाकी लिहितात. ते चूक आहे. आधी त्याने किती शेअर मागितले होते ते काढा: 600 गुणिले 3 भागिले 2, म्हणजे 900. अर्जासोबत त्याने 2,700 रुपये भरले. त्यातले 1,800 त्याला मिळालेल्या शेअरच्या अर्जाचे, म्हणून 900 रुपये वाटपात वळते झाले. वाटपाचे 1,800 येणे, त्यातून 900 वजा. थकबाकी 900 रुपये. कंपनीला वाटपापोटी मिळाले 74,100.

पुढे पहिला कॉल. कंपनीच्या नियमावलीत वेगळे काही नसेल, तर कंपनी कायद्यातली नमुना नियमावली, म्हणजे तक्ता एफ लागतो: एक कॉल दर्शनी किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून मोठा नको, आधीच्या कॉलच्या मुदतीपासून किमान एक महिना जायला हवा आणि चौदा दिवसांची सूचना द्यायला हवी. आपला 2 रुपयांचा कॉल अडीच रुपयांच्या मर्यादेत बसतो. एकूण येणे 1,00,000. त्या भागधारकाने याही वेळी भरले नाही: 600 गुणिले 2, म्हणजे 1,200. इथे अर्जाच्या जास्तीच्या पैशाचा संबंध नाही, कारण ती रक्कम वाटपातच संपली.

दोन्ही रकमा थकीत कॉल खात्यात नावे टाका: 2,100. पडताळणी सोपी आहे. आतापर्यंत शेअरमागे 8 रुपये मागितले, म्हणजे भांडवल 4,00,000. त्यातून 2,100 वजा केले की 3,97,900. बँकेतही तेवढेच हवेत: परतावा वजा जाता अर्जाचे 2,25,000, वाटपाचे 74,100 आणि कॉलचे 98,800.

शेवटी व्याज. तक्ता एफप्रमाणे थकबाकीवर वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत व्याज घेता येते. ते पूर्ण किंवा काही अंशी माफ करण्याचा अधिकार संचालक मंडळाला आहे. समजा वाटपाची मुदत संपून सहा महिने आणि कॉलची मुदत संपून तीन महिने झाल्यावर तो पैसे घेऊन आला. 900 वर सहा महिन्यांचे 45 आणि 1,200 वर तीन महिन्यांचे 30 रुपये. सगळ्या 2,100 वर सहा महिन्यांचे व्याज लावू नका. प्रत्येक रकमेचे व्याज तिच्या स्वतःच्या मुदतीपासून सुरू होते. त्याच्याकडून 2,175 घ्या. त्यातले 2,100 थकीत कॉल खात्यात जमा, 75 व्याज खात्यात जमा.