इन्सेंटिव्ह लांबलाय, हे टीमला कसं कळवावं

एका खाद्यपदार्थांच्या कंपनीतल्या सेल्स मॅनेजरने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याआधी मला दाखवलेला मसुदा असा होता:

"सर्वांना कळविण्यात येते की काही तांत्रिक कारणास्तव जुलै-सप्टेंबर तिमाहीचा इन्सेंटिव्ह देण्यास विलंब होत आहे. रक्कम लवकरात लवकर जमा करण्यात येईल. सहकार्य अपेक्षित."

पैसे ३१ ऑक्टोबरच्या पगारासोबत यायचे होते. दिवाळीचा खर्च त्यांच्या भरवशावर होऊन गेलेला. अशा माणसाने "तांत्रिक कारणास्तव" वाचलं की तो एकच अर्थ काढतो: कंपनीकडे पैसे नाहीत. दुसरा संशय रक्कम कापण्याचा. मसुद्यात या दोन्हींचं उत्तर नाही आणि तारीखही नाही.

आधी तारीख काढा, मग लिहायला बसा. तारीख अंदाजाने टाकायची नसते, ती उरलेल्या कामांवरून मोजायची असते. इथे अकरापैकी दोन वितरकांकडच्या सप्टेंबरच्या परत आलेल्या मालाच्या नोंदी बाकी होत्या. इन्सेंटिव्ह परतीचा माल वजा करून निघतो, त्यामुळे त्या नोंदींशिवाय कोणाचा स्लॅब कुठला, हेच ठरत नव्हतं. नोंदी सोमवारी ३ नोव्हेंबरला मिळणार होत्या. अकाउंट्सला जुळवणीला तीन दिवस, म्हणजे गुरुवार ६. सात तारखेला मंजुरी. मध्ये शनिवार-रविवार. १० ला पेरोलची फाइल, १२ ला खात्यात. मी त्यांना शुक्रवार १४ लिहायला सांगितलं. १४ सांगून १२ ला पैसे आले तर कोणी तक्रार करत नाही, उलट झालं तर दुसऱ्यांदा माफी मागावी लागते. तारीख लिहिण्याआधी अकाउंट्सच्या माणसाकडून तोंडी हो घ्या, कारण ती पाळायची त्यालाच आहे.

(बँकेच्या सुट्टीचं कारण मात्र देऊ नका. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू असते, आणि हे तुमच्या पोरांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.)

कारण खरं सांगा, पण नाव घेऊ नका. त्यांनी दुसऱ्या मसुद्यात दोन्ही वितरकांची नावं घातली होती. ग्रुपवरचा मेसेज संध्याकाळपर्यंत त्याच वितरकाच्या फोनवर पोहोचतो, आणि दुसऱ्या दिवशी आपला सेल्समन त्याच्याच गोडाऊनमध्ये ऑर्डर घ्यायला उभा असतो. "अकाउंट्सने उशीर केला" हेही तसंच नुकसान करतं. काय अडलं ते सांगितलं की पुरतं, कोणामुळे ते सांगायची गरज नाही. आणि कारण खरोखरच पैशांची चणचण असेल, तर नोंदींची गोष्ट रचू नका. मंजूर झालेलं कारणच लिहा.

क्रम उलटा करा. वाईट बातमी आणि नवी तारीख पहिल्याच ओळीत. कारण त्यानंतर, दोन वाक्यांत. मग जे बदललेलं नाही ते. ही शेवटची बाब बहुतेक जण विसरतात आणि फोन याच्यासाठीच येतात. शेवटी तयार झालेला मेसेज:

"नमस्कार मंडळी. जुलै-सप्टेंबरचा इन्सेंटिव्ह ३१ ऑक्टोबरच्या पगारात येणार नाही, तो शुक्रवार १४ नोव्हेंबरपर्यंत वेगळा खात्यात जमा होईल. सप्टेंबरच्या परतीच्या मालाच्या काही नोंदी अजून यायच्या आहेत. त्या आल्याशिवाय प्रत्येकाचा हिशेब बरोबर निघणार नाही. पगार ठरल्या दिवशीच होईल. टार्गेट, स्लॅब आणि दर तेच आहेत, टीडीएस नेहमीप्रमाणे कापला जाईल. दिवाळीनंतर याच पैशांवर अनेकांची गणितं आहेत, याची मला कल्पना आहे. उशिराबद्दल माफी मागतो. आपल्या आकड्याबद्दल शंका असेल तर मला थेट फोन करा."

"रक्कम तितकीच मिळेल" असं त्यांनी लिहिलं होतं, ते मी खोडलं. परतीचा माल वजा झाल्यावर एखाद्याचा स्लॅब घसरू शकतो. दर तेच राहतील हे वचन पाळता येतं, रकमेचं येत नाही. टीडीएसचा उल्लेखही मुद्दाम ठेवला: इन्सेंटिव्ह पगाराचाच भाग धरून कर कापला जातो, आणि वेगळा जमा झाला की हातात आलेला आकडा कमी का, असा प्रश्न हमखास येतो.

पाठवायची वेळ? पगाराच्या दोन-तीन दिवस आधी. ३१ ला संध्याकाळी पाठवलात तर लोकांनी तोवर खातं तपासलेलं असतं. नोकरी सोडलेले पण इन्सेंटिव्ह बाकी असलेले दोघे ग्रुपमध्ये नव्हते, त्यांना वेगळा मेसेज गेला.

७ तारखेला मंजुरी झाली नसेल, तर त्याच दिवशी नवी तारीख कळवा, १४ ची वाट पाहू नका.