साडीचं मशीनने केलेलं मराठी वर्णन सुधारताना या चुका टाळा

इंग्रजी लिस्टिंग भाषांतराच्या मशीनमधून काढली की साडीचं वर्णन साधारण असं येतं: "ही साडी शुद्ध कापूस पासून बनवलेला आहे आणि सोनेरी सीमा सह येतो. त्याची पल्लू विणलेले फुले वैशिष्ट्यीकृत करते. चालू ब्लाउज तुकडा समाविष्ट. जलद रंग. लग्नात परिधान करण्यासाठी परिपूर्ण."

हे वाचून बहुतेकजण आधी लिंग दुरुस्त करायला घेतात, बनवलेलाचं बनवलेली, येतोचं येते, आणि इथेच पहिली चूक होते. कारण थोड्या वेळाने तुम्ही "सीमा" खोडून "काठ" लिहिणारच आहात, सीमा देशाला असते साडीला काठ असतात, आणि सीमा स्त्रीलिंगी तर काठ पुल्लिंगी, शिवाय आपण काठ बहुतेक अनेकवचनीच बोलतो. म्हणजे "सोनेरी सीमा दिली आहे" मधे फक्त शब्द बदलला तर "सोनेरी काठ दिली आहे" असं भलतंच उरतं, पाहिजे "सोनेरी काठ दिले आहेत". म्हणून आधी सगळे शब्द बदलून घ्या, वाक्य मराठी करून घ्या, लिंग-वचन सगळ्यात शेवटी बघा. उलट केलं तर तेच काम दोनदा करावं लागतं आणि दुसऱ्या वेळी काहीतरी सुटतंच.

शब्द बदलताना दुकानात गिऱ्हाईक काय म्हणतं तेच लिहा. साडी परिधान करत नाहीत, नेसतात. पल्लू नाही, पदर. "जलद रंग" म्हणजे पक्का रंग. "चालू ब्लाउज तुकडा" तर कुणालाच कळणार नाही, तो रनिंग ब्लाऊज पीस, म्हणजे साडीच्याच कापडात शेवटी जोडून आलेला, कापून घ्यायचा. इथे मीटरचा घोळ पण होतो बघा, मूळात एकूण 6.3 मीटर लिहिलेलं असेल तर त्यात बऱ्याचदा 5.5 साडी आणि 0.8 ब्लाऊज असतो, विक्रेत्याला विचारून दोन्ही वेगळे लिहा नाहीतर साडी आखूड निघाली म्हणून परत येते. आणि "सह येतो", "वैशिष्ट्यीकृत करते", "सुनिश्चित करते", "प्रदान करते" हे कंट्रोल एफ करून शोधा, यांच्या जागी दुसरं क्रियापद शोधत बसू नका, बहुतेक वेळा "आहे" पुरतं.

आता लिंग. सगळी वाक्यं तपासायची गरज नसते. नामाला प्रत्यय लागला की आधीचं विशेषण तिन्ही लिंगात सारखंच होतं, मोठ्या पदरावर, मोठ्या साडीत, मोठ्या कापडाला. तिथे मशीन लिंग सहसा चुकत नाही. चूक दिसते ती नाम बिनप्रत्ययाचं असतं तिथे, मोठा पदर, मोठी साडी, मोठं कापड. "आहे" पण निर्धोक, सुंदर, मऊ, टिकाऊ, मजबूत ही विशेषणं पण निर्धोक, ती बदलतच नाहीत. नजर ठेवायची ती येतो-येते, दिलेला-दिलेली, चा-ची-चं यांच्यावर. आणि चा-ची-चं पुढच्या शब्दाप्रमाणे चालतं, मागच्या नाही: साडीचा पदर, साडीची किंमत, साडीचं कापड. मशीन इथे फार गडबडतं.

सगळ्यात फसवं नपुंसकलिंग. "पदरावर विणलेली फुलं आहेत" हे बरोबर आहे, पण विणलेली बघून ते स्त्रीलिंगी एकवचन वाटतं आणि एडिट करणारा त्याचं "विणलेले फुलं" करून ठेवतो. फूल विणलेलं, फुलं विणलेली. माझं मत असं की लिस्टिंगमधे विणलेलं, मऊसं, चांगलं अशी अनुस्वाराची बोली रूपंच ठेवावीत, कारण "चांगले" लिहिलं की ते नपुंसक एकवचन आहे की पुल्लिंगी अनेकवचन ते कळत नाही आणि चूक लपून राहते. ब्रँडला छापील भाषाच हवी असेल तर नाइलाज, पण मग एकच ठेवा, अर्धं असं अर्धं तसं नको.

ब्लाऊज पीससारख्या शब्दांचं लिंग घरोघरी वेगळं ऐकू येतं. कुणी दिला म्हणतं कुणी दिलं. एक ठरवा आणि शीटमधे वेगळ्या कॉलममधे लिहून ठेवा, सगळ्या साड्यांना तेच.

शीटवरून आठवलं, सगळ्या कॉलमवर एकदम "बनवलेला"चं "बनवलेली" रिप्लेस ऑल मारू नका, त्याच कॉलममधे कुर्ता पण असतो.

वरचं वर्णन मग असं होतं: "प्युअर कॉटनची साडी, काठ सोनेरी. पदरावर विणलेली फुलं आहेत. रंग पक्का. सोबत रनिंग ब्लाऊज पीस. लग्नात नेसायला छान."

यात "जरीचे काठ" लिहायचा मोह होतो, पण मूळात फक्त सोनेरी म्हटलंय, तर जरी लिहायची नाही. तसंच मूळात नुसतं कॉटन असेल तर प्युअर जोडू नका, वाक्य गोड करताना माल बदलून जातो आणि तक्रार विक्रेत्याच्या गळ्यात पडते.