पेन्शन सुरू व्हायच्या आधीच माणूस गेला, क्लेम करताना या चुका टाळा

आमच्या चाळीतले एक काका कारखान्यातून 58 पूर्ण करून रिटायर झाले, पीएफ ऑफिसला पेन्शनच्या अर्जाचा फॉर्म 10 डी दिला, आणि पहिला हप्ता यायच्या आधीच गेले. काकूंना सगळे म्हणाले, आता पेन्शन कसलं, ते सुरूच झालं नव्हतं ना! इथेच पहिली चूक होते. ईपीएस-95 या पीएफच्या पेन्शन योजनेत पेन्शनचा हक्क 58 पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागतो, पैसे खात्यात कधी पडले याच्याशी त्याचा संबंध नाही (10 वर्षांची सर्व्हिस मात्र हवी).

म्हणून इथे दोन वेगळे पैसे येतात. समजा पेन्शन महिन्याला 2,800 बसतंय, 1 एप्रिलपासून लागू आहे आणि मृत्यू 16 जुलैला झाला. तीन महिन्यांचे 8,400 आणि जुलैच्या 16 दिवसांचे साधारण 1,445, ही झाली थकबाकी. मग 17 जुलैपासून बायकोचं पेन्शन, निम्मं म्हणजे 1,400. किमान 1,000 आहेच. शिवाय 25 च्या आतली मुलं असली तर त्यांचं वेगळं.

सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो माहितीय? कंपनीच्या एचआरला मृत्यूची बातमी कळते आणि तो भल्या मनाने पोर्टलवर नोकरी सोडल्याचं कारण 'सर्व्हिसमध्ये मृत्यू' टाकून देतो. काकूंचंही तेच झालं, रिटायरमेंटची तारीख आणि मृत्यूची तारीख जुळेना, क्लेम परत आला. क्लेम टाकायच्या आधी पोर्टलवर हे कारण आणि तारीख बघा, चुकलं असेल तर दुरुस्ती कंपनीकडूनच करून घ्यावी लागते.

दुसरं, मुलगा वडिलांचा ओटीपी वापरून त्यांच्याच लॉगिनवरून फॉर्म पुढे ढकलतो, कारण 'मोबाइल तर चालू आहे ना'. असं अजिबात करू नका. मेलेल्या माणसाच्या नावाने अर्ज म्हणजे नसती आफत, आणि पैसे आलेच तरी बंद खात्यात जाऊन परत फिरतात. बायकोच्या नावाने नवा 10 डी भरा, सोबत मृत्यूचा दाखला, तिच्या स्वतःच्या खात्याचा रद्द केलेला चेक आणि आधार, आणि एका साध्या कागदावर लिहून द्या की यांचा आधीचा 10 डी अमुक तारखेला दिलेला, थकबाकी मिळावी. जुन्या अर्जाची पोच असेल तर झेरॉक्स जोडाच, आमच्याकडे तिनेच काम झालं.

नॉमिनी म्हणून भावाचं नाव आहे म्हणून घाबरू नका, पेन्शन बायकोलाच जातं. पीएफची रक्कम काढायची राहिली असेल तर तिचा फॉर्म 20 वेगळा, तिथे मात्र नॉमिनेशन बघतात. आणि पीएफसोबतचं ते 7 लाखांपर्यंतचं इन्शुरन्स? ते नोकरीत असताना गेलेल्यांसाठी असतं, रिटायर झालेल्याच्या बाबतीत त्याच्यामागे महिना घालवू नका.

20 दिवसांत काहीच हललं नाही तर epfigms.gov.in वर तक्रार टाका, त्यात दोन्ही अर्जांचे पोच नंबर लिहा.